लोड ट्रिप झाल्यावर सर्ज शाफ्टची पातळी: हिशोबात ९.३ मीटर, नोंदीत ६.१. सेन्सर कोणता घ्यावा?

घाटपायथा
सिंधुदुर्गात घाटाखालच्या एका छोट्या जलविद्युत केंद्रासाठी सल्ला हवा आहे. हेडरेस बोगदा १६०० मीटर, व्यास २.५ मीटर. सर्ज शाफ्ट साधा गोल, व्यास ६ मीटर, तळाशी अडथळा नाही. पूर्ण लोडला १० घनमीटर प्रतिसेकंद, तेव्हा बोगद्यातलं घर्षण साधारण २.४ मीटर. शाफ्टचा काठ जलाशयाच्या पूर्ण पातळीपासून १०.५ मीटर वर.

परवा वीज कडाडली, लाइन गेली आणि पूर्ण लोड एकदम सुटला. हिशोबाप्रमाणे पाणी जलाशयाच्या पातळीच्या ९.३ मीटर वर जायला हवं होतं. स्काडात सर्वांत मोठा आकडा ६.१ दिसतो, त्याच्या पुढचा ४.१. पण आतल्या भिंतीवरची ओली खूण काठापासून जेमतेम मीटर-सव्वा मीटर खाली आहे. सेन्सर बिघडलाय का? नवा घ्यायचा तर कोणता?

गव्हर्नरवाला
सेन्सर राहू दे, आधी गाइड व्हेन किती सेकंदात मिटतात ते बघा. आठ असतील तर पंधरा करा, उसळी आपोआप कमी होईल.

शाफ्टमोजणी
आधी सेन्सरचं बोलू. तो ठीक असावा. स्काडात पातळी मिनिटाला एकदाच साठवली जाते ना? ट्रिपची वेळ आणि नोंदींची वेळ ताडून बघा. तुमचा आवर्तकाळ असा निघतो:

```
T = 2π √( L·As / (g·At) )
L = 1600 m, As = 28.3 m², At = 4.91 m²
T ≈ 193 s
```

लोड सुटतो तेव्हा पाणी जलाशयाच्या २.४ मीटर खाली असतं. तिथून शिखर गाठायला पाव आवर्तनापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, तुमच्याकडे ५२-५३ सेकंद. नोंद २७व्या सेकंदाला झाली असेल तर तेव्हा पाणी ६.१ वर होतं, चढतीवर. पुढची नोंद ८७व्या सेकंदाला, तेव्हा ते उतरत ४.१ वर आलेलं. मधलं शिखर कुणी पाहिलंच नाही, ओली खूण तेवढी राहिली. तुमचा हिशोब बरोबर आहे.

गव्हर्नरवाले, पेनस्टॉकच्या दाबासाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथे दाबाची लाट सेकंदाच्या आत जाऊन परत येते, म्हणून आठाचे पंधरा केले तर फरक पडतो. शाफ्टमध्ये मात्र सगळ्या बोगद्यातलं पाणी डोलतंय, आणि १९३ सेकंदांच्या डोलण्याला आठ काय नि पंधरा काय, दोन्ही एकदमच. उलट मिटायला वेळ लावलात तर टर्बाइनचा वेग जास्त चढेल.

कलमबाग_देवगड
ओ, आमच्याकडे पण हाच त्रास! खालच्या विहिरीतून कलमांना पाणी चढवतो. लाइट गेली की पाइपात धाडकन आवाज होतो, दोनदा एल्बो फुटला. माका सांगा, वर टाकी बांधली तर थांबेल काय?

शाफ्टमोजणी
भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा. पंप थांबल्यावर पाणी उलटं फिरतं आणि नॉनरिटर्न वाल उशिरा आपटतो, त्याचा तो आवाज. टाकी नको. पाणी उलटं फिरायच्या आत मिटणारा स्प्रिंगचा वाल बसवा.

घाटपायथा
वेळा ताडल्या. ट्रिप आणि नोंदीत २६-२७ सेकंदांचाच फरक निघाला. म्हणजे सेन्सर तोच ठेवू? तसंही ग्रीड आलं की आम्ही दीड-दोन मिनिटांत परत पूर्ण लोड घेतो, त्यामुळे पुढचं डोलणं फारसं दिसतच नाही.

शाफ्टमोजणी
थांबा, ही दीड-दोन मिनिटंच घातक आहेत. तुमचं लक्ष काठाकडे आहे, मला तळाची काळजी वाटते.

मशीन बंदच राहिलं तर पाणी ९.३ वर जातं, मग जलाशयाच्या ७.४ खाली, मग ६.२ वर, असं हळूहळू निवतं. पण साधारण १०० सेकंदांनी पाणी उतरताना जलाशयाची पातळी ओलांडतं, आणि त्या क्षणी बोगद्यातलं पाणी जलाशयाकडे उलटं धावत असतं, मूळ वेगाच्या पाऊणपट वेगाने. तेव्हाच तुम्ही टर्बाइन उघडलंत तर १० घनमीटर सगळे शाफ्टमधूनच निघणार, वर बोगदाही शाफ्टमधलं पाणी ओढणार. हिशोब केला तर पाणी ७.४ ऐवजी १८.६ मीटर खाली जातं. पेनस्टॉकच्या तोंडाचा माथा किती खाली आहे?

घाटपायथा
पूर्ण पातळीपासून २१ मीटर. पण मे महिन्यात जलाशय ७ मीटर उतरलेला असतो.

शाफ्टमोजणी
मग आत्ता माथ्यावर अडीच मीटरसुद्धा पाणी उरत नाही, तिथे भोवरा होऊन हवा ओढली जाऊ शकते. आणि वळवाच्या गडगडाटात, जलाशय खाली असताना लाइन गेली तर माथ्यावर १४ मीटरच पाणी असतं. १८.६ कुठून आणणार? हवा सरळ पेनस्टॉकमध्ये. ती पुढे टर्बाइनला हादरे देते, आणि परत वर येताना शाफ्टमध्ये पाणी उसळवते.

तेच लोड पाणी चढताना जलाशयाची पातळी ओलांडेल तेव्हा घेतलंत, ट्रिपनंतर साधारण २०० सेकंदांनी, तर बोगद्यातलं पाणी शाफ्टकडेच येत असतं. मग पाणी सहा मीटरही खाली जात नाही.

गव्हर्नरवाला
लोड रॅम्पने घेतलं तर? आमच्याकडे ६० सेकंदांचा रॅम्प आहे.

शाफ्टमोजणी
६० सेकंद म्हणजे आवर्तनाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही, थोडाच दिलासा मिळेल. रॅम्प जवळपास पूर्ण आवर्तनाचा, म्हणजे १९० सेकंदांच्या आसपास ठेवा, मग लोड घेण्याने नवं डोलणं जवळजवळ उठत नाही. आधीचं डोलणं मात्र राहतं, म्हणून सुरुवात पाणी चढतानाच करायची.

त्यासाठी पातळी खरी दिसायला हवी. नोंद दर दोन सेकंदांनी करा, बदल लहान असला तर नोंद गाळायची सेटिंग काढून टाका. सेन्सर पाण्यात सोडायचा दाबाचा चालेल, रेंज ० ते ४० मीटर, ४-२० मिलिअँपियर, भोकं पाडलेल्या पाइपात. त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते. तिच्या तोंडाशी ओल शोषणारी पुडी असते, ती आपल्याकडच्या पावसाळ्यात लवकर भरते आणि रीडिंग सरकायला लागतं. पावसाआधी बदला, पावसातही अधूनमधून बघा. विजेसाठी सर्ज अरेस्टर केबलच्या दोन्ही टोकांना हवा, एका टोकाला पुरत नाही. रडार वरून लावता येतो, पण शिडीचा प्रतिध्वनी आणि लेन्सवरचं दव दोन्ही सतावतात.

बोगदेकर
शाफ्टच्या तळाशी भोक असलेली प्लेट बसवली तर? उसळी कमी, डोलणंही लवकर निवेल. काठही वाचेल, तळही.

शाफ्टमोजणी
कल्पना चांगली आहे, पण भोक फार लहान झालं तर पेनस्टॉकची दाबलाट शाफ्टमध्ये न विरता बोगद्यात शिरते. अस्तर बिनसळईचं असेल तर तो धोका मी घेणार नाही.

बोगदेकर
भोक त्या बेताने मोठं ठेवायचं. लाट बोगद्यात किती जाते ते मोजून मग ठरवा, आधीच नको म्हणू नका.

घाटपायथा
अस्तराचे ड्रॉइंग शोधतो. पण २०० सेकंद थांबायचं तर लाइनवाले फोन करकरून जीव खातात, त्यांना काय सांगायचं?

गव्हर्नरवाला
सांगायचं कशाला? पाणी चढतीवर येऊन जलाशयाची पातळी ओलांडेपर्यंत ब्रेकर लागूच नये असा इंटरलॉक टाका.

शाफ्टमोजणी
इंटरलॉक चालेल. पण जलाशयाची पातळी त्या दिवसाची घ्या. एकच आकडा कायमचा घातलात तर मे महिन्यात पाणी तिथवर चढणारच नाही आणि मशीन अडकून बसेल.