अ‍ॅपला न जोडणारी वॉशिंग मशीन: ठेवावी की बदलून साधी घ्यावी?

होटगी रोडकर
८ किलोची फ्रंट लोड घेतलीय, वाय-फायवाली. धुते छान, पण अ‍ॅपला काही केल्या जोडेना. अ‍ॅपमध्ये मशीन सापडते, पासवर्ड टाकून होतो, मग नुसतं गोल फिरत राहतं आणि शेवटी 'जोडता आले नाही'. फोनला त्याच जागी नेट फुल्ल. दुकानदार म्हणतोय, शनिवारपर्यंत आणा, त्याच कंपनीची बिनवाय-फायची देतो, वरचे पैसे परत. घरात दोन तट पडलेत. जोडायचा नाद करावा की परत करावी? मुळात सोलापुरात या स्मार्टपणाचा कुणाला उपयोग होतो का?

साधंच बरं
परत करा की हो. आपल्याकडं पाणी चार दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. नळ आला की हौद भरा, मोटर लावून वरची टाकी भरा, मग धुणं. तुम्ही ऑफिसातनं बटण दाबणार आणि टाकीत पाणी आहे का हे कोण बघणार? शिवाय रिमोट स्टार्ट म्हणजे काय ते नीट वाचा. कपडे टाकायचे, साबण घालायचा, दार लावायचं आणि मशीनवरचं रिमोटचं बटण आधी स्वतः दाबून ठेवायचं. बहुतेक मशीनवर दार उघडलं की ते रद्द होतं, परत दाबा. एवढं सगळं मशीनपाशी उभं राहून केल्यावर शेवटचं 'सुरू' तेवढं फोनवरनं. उशिरा सुरू करायची सोय तर साध्या मशीनच्या पॅनेलवर पण असते.

नेटवाला, विजापूर रोड
ठेवायची की नाही ते नंतर भांडू. जोडणी नेमकी कुठं अडते त्यावरनं दोष कळतो, ते आधी बघा.

मशीन सापडतच नसेल तर गोष्ट फोनची. अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅपला `Nearby devices` ची परवानगी लागते, त्याआधीच्या फोनला लोकेशन चालू लागतं. लोक घाबरून दोन्ही नाकारतात आणि मशीनला शिव्या देतात.

मशीन सापडली पण पासवर्ड देताना तुटतंय, तर फोन पळून जातोय. जोडणीच्या वेळी मशीन स्वतःचं छोटं वाय-फाय सोडते आणि त्यात इंटरनेट नसतं. फोनला वाटतं हे नेटवर्क खराब आहे, आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. तेवढ्यापुरता डेटा बंद ठेवायचा.

तुमचं अडतंय ते याच्या पुढं. पासवर्ड मशीनला मिळालाय, तिनं आपलं वाय-फाय बंद केलंय आणि आता ती तुमच्या राउटरचं दार वाजवायलीय. ते उघडेना. फोनला नेट फुल्ल आहे याला इथं अर्थ नाही, कारण मशीनचा रेडिओ वेगळा, बहुतेकांत फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. मशीन आणि राउटर यांत किती अंतर? राउटर कुणी बसवला?

स्पीडमास्टर
सरळ आहे, ५ गिगाहर्ट्झचा घोळ. २.४ आणि ५ ला एकच नाव दिलंय, मशीन गोंधळायलीय. दोन्हीला वेगळी नावं द्या. आणि प्लॅन २०० एमबीपीएसचा करून टाका, ही उपकरणं नेट लई खातात.

नेटवाला, विजापूर रोड
प्लॅनला हात लावू नका. मशीन पाठवते ती 'धुणं झालं', 'पाणी येईना' एवढीच माहिती, सगळ्यात स्वस्त प्लॅनवर आरामात जाते. नावं वेगळी करून बघायला हरकत नाही, काही अ‍ॅप फोन ५ वर असला की अडून बसतात. पण एकच नाव असलं म्हणून मशीन गोंधळत नाही. तिला ५ दिसतच नाही, दिसतं त्या २.४ ला जाते.

टॉवेलवाले
आमच्याकडं पण हाच त्रास. वर टीव्हीवर मॅच बघताना चक्री फिरते, खाली ठीक. मशीनपायी होत असेल का? आमची मशीन टॉप लोड आहे, वाय-फाय नाही तिला.

साधंच बरं
वाय-फाय नाही तर तिच्यापायी कसं होईल मामा.

होटगी रोडकर
राउटर हॉलमध्ये, मशीन किचनमागच्या बाल्कनीत, मध्ये दोन भिंती. राउटर केबलवाल्याच्या पोरानं दिवाळीत बदलून दिला. नावं वेगळी केली. फोन २.४ ला जोडून परत प्रयत्न केला. तिथंच अडतंय.

नेटवाला, विजापूर रोड
मग मशीन खरंच चांगली आहे का तेच तपासा. घरात जुना फोन असेल त्याचा हॉटस्पॉट लावा. सेटिंगमध्ये बँड २.४ ठेवा, सुरक्षा `WPA2`. आयफोन असेल तर `Maximize Compatibility` चालू करा, म्हणजे तो २.४ वर येतो. हा फोन मशीनशेजारी ठेवून दुसऱ्या फोनवरनं जोडणी करा. जोडली तर मशीन निर्दोष, दोष राउटरचा. नाही जोडली तर शनिवारची वाट न बघता दुकान गाठा.

टेरेसवरची मशीन
मी दुसऱ्या तटातली. आमची मशीन गच्चीवरच्या खोलीत आहे आणि सासूबाईंना कमी ऐकू येतं. आधी धुणं संपलेलं कळायचंच नाही, कपडे तसेच ड्रममध्ये पडून कुबट वास, परत धुवा, म्हणजे परत पाणी. आता दोघींच्या फोनवर सूचना येते. रिमोट स्टार्ट मी कधी वापरला नाही, वापरणारही नाही. पण 'संपलं' आणि 'अडकलं' या दोन सूचनांसाठी मी वरचे पैसे परत मोजीन. पाणी कमी म्हणून तर त्या जास्त कामाच्या. मध्येच टाकी संपली तर खालीच कळतं, मोटर लावता येते.

साधंच बरं
ताई, ते काम मोबाइलचा गजर करतो. पॅनेलवर वेळ दिसते, तेवढ्याचा लावायचा.

टेरेसवरची मशीन
दिसते ती वेळ पाळते का पण? फेस जास्त झाला की जादा खळबळते, चादरी एका बाजूला गोळा झाल्या की पिळायचं थांबवून परत सारखं करत बसते. शेवटची ९ मिनिटं पाऊण तास चालतात. गजर लावून मी जिने चढून आलेली आहे.

दुरुस्तीवाला, अशोक चौक
मी याच धंद्यात आहे, म्हणून दोघांनाही थोडं टोचतो. पाणी येईना असा कोड काही मशीनवर `IE` दिसतो, तो अ‍ॅपशिवाय पण पॅनेलवर दिसतोच. अ‍ॅप एवढंच सांगतं की पाणी आलं नाही. का आलं नाही, ते नाही सांगत. आपल्याकडं कारणं ठरलेली. पाइप मशीनला बसतो तिथं आत बारीक जाळी असते, बोअरच्या जड पाण्यानं ती पांढरी होऊन बसते. पक्कडीनं काढा, ब्रशनं घासा, झालं. दुसरं म्हणजे दाब. बऱ्याच फ्रंट लोडला किमान ०.३ बार लागतो, म्हणजे मशीनपेक्षा साधारण ३ मीटर वर पाणी पाहिजे. टाकी थेट गच्चीच्या स्लॅबवर आणि मशीन लगेच खालच्या मजल्यावर असली की टाकी अर्धी झाल्यावर दाब काठावर येतो. तेव्हा टाकी भरलेली असताना चालते, संध्याकाळी अडते. गिऱ्हाईक म्हणतं, अ‍ॅपनं बिघडवली.

होटगी रोडकर, तुमची टाकी कुठं ते सांगा. स्मार्ट असो की साधी, हा प्रश्न दोन्हीला आहे.

होटगी रोडकर
टाकी गच्चीवर, आम्ही तळमजल्याला, दाबाची अडचण नाही. आणि जुन्या फोनच्या हॉटस्पॉटला मशीन पहिल्या झटक्यात जोडली!

आता राउटरच्या `192.168.1.1` पानावर गेलो. सुरक्षेच्या जागी `WPA3-SAE` लिहिलंय. हे काय असावं?

नेटवाला, विजापूर रोड
तेच तुमचं न उघडणारं दार. नवीन फोनला `WPA3` कळतं, म्हणून फोनला नेट फुल्ल. मशीनच्या स्वस्त चिपला बहुधा `WPA2` पर्यंतच कळतं. तिला नाव दिसतं, पासवर्ड बरोबर असतो, पण हातमिळवणी होत नाही. `WPA2/WPA3` मिश्र ठेवलं तर बहुतेक वेळा चालतं, काही मशीन त्यालाही अडतात.

सगळ्या घराची सुरक्षा उतरवण्यापेक्षा `Guest Network` चालू करा. फक्त २.४ वर, `WPA2-PSK`, नाव आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत. चॅनल १, ६ किंवा ११ पैकी ठेवा, काही उपकरणांना १२-१३ दिसत नाही. जोडणीपुरता फोन या गेस्टला लावा, कारण अ‍ॅप फोनचं चालू नेटवर्कच मशीनला देतं.

स्पीडमास्टर
मी म्हणालो होतो ना २.४. आता फोन कायम त्याच नेटवर्कला ठेवावा लागणार, नाहीतर अ‍ॅप चालणार नाही.

नेटवाला, विजापूर रोड
एकदा जोडली की फोन ५ वर न्या, मोबाइल डेटावर न्या, पुण्याला न्या. मशीन आणि अ‍ॅप एकमेकांशी बोलतात ते कंपनीच्या सर्व्हरमधनं. गेस्ट नेटवर्क बाकीच्या उपकरणांपासून तोडलेलं असतं, तरी म्हणूनच अडत नाही.

साधंच बरं
हे बघा, माझाच मुद्दा तुमच्याच तोंडून. फोन आणि मशीन एकाच घरात, तरी निरोप जाणार बाहेरच्या सर्व्हरमार्गे. नेट गेलं की सूचना गेली. उद्या कंपनीनं जुन्या मॉडेलचं अ‍ॅप बंद केलं तर मशीन धुत राहील, पण ज्याचे जादा पैसे दिले ते उडालं. मशीन १० वर्षं वापरायची असते, फोन कोण १० वर्षं वापरतं?

टेरेसवरची मशीन
खरंय. तसं झालं तर आधीसारखे जिने चढीन. तोवर गुडघे वाचले की.

होटगी रोडकर
गेस्टला जोडली. आत्ता पहिली सूचना आली, मंडळी खूश. पण मघाशी लाइट जाऊन आली तेव्हापासून अ‍ॅपमध्ये मशीन 'ऑफलाइन'. फोनला नेट आहे.

नेटवाला, विजापूर रोड
मशीन आधी उठते, राउटर दोन-तीन मिनिटांनी. काही मशीन परत परत शोधत राहतात, काही दमून थांबतात. पॉवर बटण बंद करून चालू केल्यावर येते का बघा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर हा फरक मिटतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल. केबलवाल्याकडची लाइट गेली तर मात्र तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही.

साधंच बरं
म्हणजे वाय-फायचे जादा पैसे, वर यूपीएसचे. शनिवार अजून गेलेला नाही.

दुरुस्तीवाला, अशोक चौक
पैसे घालायचेच असतील तर आधी मशीनला चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर करून घ्या. लाइट जाऊन येताना जो झटका बसतो त्यानं बोर्ड जातो, मग स्मार्ट काय न् साधी काय.

होटगी रोडकर
पॉवर बंद-चालू केल्यावर आली ऑनलाइन. प्रत्येक वेळी हे करायचं असेल तर मात्र विचार करावा लागेल. यूपीएस शेजाऱ्यांकडनं आणून दोन दिवस लावून बघतो, दुकानदाराला शुक्रवारी सांगतो.

टॉवेलवाले
आणि आमच्या टीव्हीचं?