घरून काम स्वीकारण्यापूर्वी: ‘ॲक्टिव्हिटी’च्या अटीबद्दल तुमचे अनुभव

माझ्या भाचीला रत्नागिरीतूनच करता येईल असे वैद्यकीय विम्याचे दावे तपासण्याचे काम मिळत आहे, मात्र नियुक्तीपत्रात ‘ॲक्टिव्हिटी ६० टक्क्यांच्या खाली जाऊ नये’ अशी अट आहे. असे काम केलेल्यांनी आपले अनुभव कृपया लिहावेत.

वेंगुर्ले: मी हेच काम करतो. हबस्टाफसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांतील ६०० सेकंदांपैकी किती सेकंदांत कीबोर्ड किंवा माउस वापरला गेला, एवढेच मोजले जाते. रुग्णालयाची जाडजूड फाइल वाचताना माझा माउस पान सरकवण्यापुरताच हलतो, त्यामुळे १२० सेकंद हालचाल झाली तर मान वर न करता वाचूनही आकडा २० टक्केच येतो. म्हणून ६० ची अट नुसते टंकन करणाऱ्यांना आणि फाइल वाचणाऱ्यांना सारखीच आहे का, आणि टक्का घसरल्यास पगार कापतात की केवळ विचारणा होते, हे ईमेलवर लेखी मागावे. मला ‘तपासलेल्या दाव्यांची संख्या पाहू’ असे लेखी मिळाले, तेव्हाच मी होकार कळवला.

गुहागर: २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यामुळे संमतीशिवाय स्क्रीनशॉट घेताच येत नाहीत, तेव्हा काळजीचे कारण नाही.

वेंगुर्ले: संमतीचे तत्त्व त्या कायद्यात आहे हे खरे, पण नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभाही त्यातच दिली आहे. केवळ कायद्याच्या भरवशावर सही करू नये.

देवगड: कॅमेरा चालू ठेवावा लागतो का, हे आधी पाहावे. माझ्या मुलाचा कॅमेरा बंदच असे, पण लॅपटॉप त्याचा स्वतःचा होता आणि आंब्याच्या पेट्यांचा हिशेब व बँकेचे पासबुक उघडले असतानाच स्क्रीनशॉट निघाला. तेव्हापासून कंपनीने लॅपटॉप दिल्याशिवाय तो काम घेत नाही.

मालवण (ग्राहक सेवा): आमच्याकडे टीम्सवरील हिरव्या खुणेचा आग्रह आहे, आणि पाच मिनिटे हालचाल झाली नाही की ती पिवळी होते. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, पण जवळचा टॉवर बंद पडला की मी कामावर असूनही गैरहजर दिसते. इंटरनेट नसताना नोंदलेला वेळ नंतर जमा होतो का, आणि राहून गेलेला वेळ हाताने भरण्याची सोय कोणाच्या मंजुरीने मिळते, हे मुलाखतीतच विचारावे. माझ्या वरिष्ठ ताई समजूतदार आहेत म्हणून निभावते, पण लेखी काहीच नाही.

धागाकर्ती: सर्वांचे आभार. भाचीने कालच ईमेल पाठवला. लॅपटॉप कंपनीचाच मिळेल असे उत्तर आले आहे, परंतु वाचनाचा वेळ कसा धरणार यावर ‘रुजू झाल्यावर टीम लीडर सांगतील’ एवढेच कळवले आहे. अशा मोघम उत्तरावर कोणी रुजू झाले असल्यास पुढे काय झाले, ते लिहावे. होकार कळवण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.