मदत हवी आहे: बुफेत चार गोड पदार्थ, 500 पाहुणे, कशाचं किती सांगू?

मिरजकर_ताई: सांगलीत दुपारचं लग्न आहे, 500 पानं. गुलाबजाम, गरम जिलेबी, बासुंदी आणि आइस्क्रीम. केटरर म्हणतोय गुलाबजाम आणि जिलेबी माणशी दोन-दोन नग, बासुंदीची नि आइस्क्रीमची एकेक वाटी. म्हणजे 1000 गुलाबजाम! जास्त नाही का होत?

गोडघाशा: सोपं आहे. प्रकार चार, मग प्रत्येकाचं पाव करा. 125 जणांपुरतं सगळं.

कढई_झारा: पाव केलंत तर अर्ध्या पंगतीतच भांडी रिकामी होतील. चार प्रकार दिसले की माणूस एकावर थांबत नाही, दोन-तीन तरी चाखतो. पण चारही घेणारे थोडेच, म्हणून केटररचा हिशेबही फुगलेला आहे. किती जण काय घेतील ते आधी धरा. साधारण असं: आइस्क्रीम 375, बासुंदी 300, गुलाबजाम 275, जिलेबी 250. बेरीज 1200, म्हणजे माणशी अडीचला थोडं कमी.
गुलाबजाम दोन धरले तर 550 नग. पाकातला मध्यम नग 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे 25 किलो. जिलेबीचे 40 ग्रॅमचे दोन वेढे धरून 20 किलो. बासुंदी 80 मिलीप्रमाणे 24 लिटर, त्याला म्हशीचं 50 लिटर तरी दूध आटवावं लागेल.

वाईचा_वाढपी: आमच्याकडं पंगतीत जिलेबी आग्रहानं वाढतात, माणशी चार जातात. 20 किलोत काय होणार?

कढई_झारा: दादा, पंगत वेगळी. इथं आग्रह करणारं कोणी नाही.

मिरजकर_ताई: आणि बासुंदी संपली तर?

कढई_झारा: बासुंदीच संपते, आणि ती वाटीमुळं. 150 मिलीची वाटी ठेवली की लोक काठोकाठ भरतात, 24 लिटर 160 जणांत खलास. छोटी वाटी आणि 80 मिलीची पळी ठेवा, वाढायला माणूस उभा करा. पातेलं बर्फात ठेवा, थंड झाली की घट्ट होते, मग पळीला जास्त चिकटते, ते बघून घ्या. अक्षता पडल्या की पहिल्या पाऊण तासात निम्मी गर्दी येते, म्हणून सगळी एकदम मांडू नका. 8 लिटर मागं राखून ठेवा.
जिलेबीचा धोका कमी. पीठ भिजवलेलं असतं, मागणी बघून तळता येते. तळून परातीत ढीग केला की मऊ पडते आणि कोणी हात लावत नाही.

गोडघाशा: आइस्क्रीम गोडात धरायचंच कशाला? ते सगळेच घेतात. 375 कमी पडतील, 450 सांगा.

कढई_झारा: मे महिना असेल तर मान्य. थंडीत 450 नाही जाणार.

मिरजकर_ताई: लग्न फेब्रुवारीत, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. न उघडलेले कप परत घेतो का ते केटररला विचारते, मग ठरवते.