मेथीचं गाळलेलं पाणी: काम डिंक करतो की अमिनो आम्ल?

शनिवारपेठकर

आई ६२ वर्षांची, टाइप २ मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. दोन महिने झाले, चमचाभर मेथी रात्री भिजवते आणि सकाळी गाळून ते पाणी रिकाम्या पोटी पिते. दाणे कडू लागतात म्हणून टाकून देते. उपाशीपोटीची साखर १३८ होती, आता १३४ आहे. मेव्हणे म्हणतात, मेथीत एक खास अमिनो आम्ल असतं, त्याने इन्शुलिन वाढतं आणि ते पाण्यात उतरतं, म्हणजे पाणी हेच औषध. मला वाटतं, कामाचं तेच आपण टाकून देतोय. कोण बरोबर?

पर्वतीचे मास्तर

तुम्ही. मी बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि मलाही मधुमेह आहे, तेव्हा हा विषय माझ्या रोजच्या ताटातला आहे.

मेथीचा दाणा भिजला की साल सैल होते आणि आत काचेसारखा बुळबुळीत थर दिसतो. तो डिंक, गॅलॅक्टोमॅनन नावाचा. गवारीच्या बियांतही त्याच जातीचा डिंक असतो, पण मेथीतला पाण्यात अधिक सहज विरघळतो. हा डिंक जेवणात मिसळला की पोटातलं सगळं दाटसर होतं. जठरातून अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. आतड्यातही साखरेचे कण त्या दाट लगद्यातून वाट काढत भिंतीपर्यंत पोचतात, ते उशिरा. साखर नाहीशी होत नाही, तासाभरात उसळण्याऐवजी दोन-अडीच तासांत पसरते.

आता आईंचं पाणी बघा. अख्खा दाणा भिजवला तर डिंक बराचसा दाण्यातच राहतो, पाण्यात थोडाच उतरतो, आणि दाणे तर तुम्ही टाकता. शिवाय उतरलेला तो थोडासा रिकाम्या पोटी जातो, म्हणजे ज्या अन्नाला त्याने अडवायचं ते अन्नच समोर नाही. १३८ आणि १३४ यांतला फरक तर एकाच बोटाच्या दोन थेंबांतही पडतो.

औंधचा केमिस्ट

मास्तर, डिंकाचं पटलं, पण मेव्हण्यांना एवढ्या लवकर निकालात काढू नका. त्या अमिनो आम्लाचं नाव ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसीन. मेथीच्या दाण्यात सुटी अमिनो आम्लं असतात, त्यांतला मोठा वाटा याचाच. प्रथिनांत ते गुंफलेलं नसतं, मोकळं असतं, म्हणून पाण्यात उतरतं हे मेव्हण्यांचं म्हणणं अगदी खरं आहे.

१९९८ साली फ्रान्समधल्या माँपेलिएच्या गटाने उंदरांच्या आणि माणसांच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर ते वापरून पाहिलं. भोवती साखर जास्त असेल तेव्हाच इन्शुलिन वाढलं, साखर कमी असताना नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या साखर कमी असतानाही पेशीला ढकलत राहतात, त्यामुळे हा फरक लहान नाही. ‘आम्ल काहीच करत नाही’ असं कोणी म्हणू नये.

डेक्कनची मीनाताई

आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मेथीची भाजी असते, थंडीत मेथीचे लाडूही होतात. तरी ह्यांची साखर २०० च्या खाली येत नाही. म्हणजे मेथीचा उपयोग नाहीच ना?

पर्वतीचे मास्तर

मीनाताई, भाजी पानांची, आणि हा डिंक बियांत असतो. भाजी जरूर करा, पण इथे आपण दाण्यांबद्दल बोलतोय. लाडवात दाण्यांचं पीठ असतं हे बरोबर, पण त्याच्या कितीतरी पट गूळ असतो. साखर अडवणाऱ्याच्या जोडीला तुम्ही साखरच वाढून देताय. फोडणीतले आठ-दहा दाणे तर हिशेबातही धरू नका.

केमिस्टसाहेब, पेशींवर परिणाम झाला हे मान्य, पण मात्रा बघा. दाण्यात हे आम्ल साधारण अर्धा टक्का धरू. चमचाभर मेथी म्हणजे ४ ग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅम आम्ल, तेही सगळं उतरलं तर. त्या प्रयोगांत परिणाम दिसायला लागला तो लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या आसपास. त्याचं वजन लिटरला जवळजवळ १५ मिलिग्रॅम होतं. पेशींबाहेरचं पाणी माणसात १४-१५ लिटर असतं. तेवढ्या पाण्यात ती पातळी आणायची तर २०० मिलिग्रॅमहून जास्त आम्ल लागेल, म्हणजे ४० ग्रॅमहून जास्त मेथी. एका ग्लासात ती कुठून येणार?

औंधचा केमिस्ट

हिशेब स्वच्छ आहे, पण तो काचपात्रातल्या पेशीचा आहे. याच आम्लाने यकृत आणि स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात, असं उंदरांत दिसलंय. तिथे स्वादुपिंडाला ढकलायची गरज नाही, आणि त्यासाठी किती पातळी लागते हे तुमच्या गणितातून निघत नाही. दुसरं, रोज घेतल्यावर काय होतं हे एका वेळच्या मात्रेवरून सांगता येत नाही.

भवानी पेठेतला व्यापारी

मी मेथीचाच धंदा करतो, म्हणून एक सांगतो. जास्त मेथी खाणाऱ्याच्या घामाला आणि लघवीला मेथीसारखा वास येतो. म्हणजे आम्ल अंगात मुरलं, हे नाकालाच कळतं!

पर्वतीचे मास्तर

वासाचं निरीक्षण खरं आहे. तो वास सोटोलॉन नावाच्या द्रव्याचा, आणि मेथीत ते याच आम्लापासून तयार होतं. पण नाक फार थोड्यात ओळखतं. वास आला म्हणजे काहीतरी रक्तात पोचलं एवढंच कळतं, साखरेवर परिणाम होण्याइतकं पोचलं की नाही ते कळत नाही.

केमिस्टसाहेबांना माझं उत्तर माणसांवरच्या एका चाचणीतून. १९९० साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी टाइप १ च्या रुग्णांना तेल काढलेलं मेथीचं पीठ दिलं, दिवसाला १०० ग्रॅम, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात निम्मं-निम्मं, दहा दिवस. उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीतून दिवसभरात जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. या लोकांचं स्वादुपिंड इन्शुलिन जवळपास बनवतच नाही. ज्या झऱ्याला पाणीच नाही तो आम्लाने कसा वाहील? तिथे काम केलं ते डिंकानेच, आणि पीठ जेवणातच मिसळलं होतं हेही लक्षात घ्या.

औंधचा केमिस्ट

चाचणी चांगली आहे, तिचा अर्थ मात्र तुम्ही अर्धाच लावला. १०० ग्रॅम पिठात तुमच्याच हिशेबाने ५०० मिलिग्रॅम आम्ल असणार. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे तेल काढताना बहुतेक जागच्या जागी राहतं. झरा आटलेला असला तरी बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनला शरीराने चांगला प्रतिसाद दिला असेल. डिंक आणि आम्ल एकाच पिठात असताना श्रेय वेगळं काढता येत नाही.

पर्वतीचे मास्तर

हे मात्र मान्य करतो, त्या एका चाचणीतून ते वेगळं निघत नाही. तरीही मी डिंकाकडे झुकतो, आणि कारण सांगतो. २०१४ मध्ये दहा चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्यात उपाशीपोटीची साखर सरासरी १७ ने उतरली, तर जेवणानंतर दोन तासांची ३९ ने. मोठी घट जेवणानंतरच्या आकड्यात आहे, जिथे डिंकाचं काम दिसायला हवं तिथेच. दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली फारसं काही दिसलंही नाही. चाचण्या लहान होत्या, मात्रा एकसारख्या नव्हत्या, म्हणून हे आकडे कोरून ठेवण्याजोगे नाहीत. पण दिशा कळते.

वारजेची सुनंदा

भांडण चालू द्या, पण आधी माझं ऐका. मी पण ग्लिमेपिराइडवर होते. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं म्हणून नाश्त्याआधी दोन चमचे पीठ ताकातून घ्यायला लागले. चौथ्या दिवशी साडेदहाला हातपाय थरथरले, घाम फुटला. मशीन लावलं तर ६२. घरात कोणी नव्हतं. साखरपाणी प्यायले म्हणून सावरले. डॉक्टर म्हणाले, गोळी वेळेवर कामाला लागली आणि नाश्त्याची साखर मागे राहिली. त्यांनी गोळी निम्मी केली. माझी थायरॉइडची गोळीही सकाळीच असते, ती आता आधी घेते आणि पिठाला पुष्कळ वेळ जाऊ देते. ताई, आईंचं पाणी बदलणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा.

पर्वतीचे मास्तर

सुनंदाताई, बरं झालं लिहिलंत. हे मी पहिल्याच उत्तरात सांगायला हवं होतं.

शनिवारपेठकर, डॉक्टरांशी बोलून झालं की असं करून बघा. नाश्ता रोज तोच, समजा दोन पोळ्या आणि दुधी, गोळ्यांची वेळही तीच. तीन दिवस मेथीशिवाय आणि तीन दिवस ५ ग्रॅम पीठ घेऊन. पीठ अर्धा तास वाटीभर ताकात भिजू द्या, हलवल्यावर चमच्याला धरेल इतकं दाट झालं पाहिजे. ते पहिल्या घासाबरोबर सुरू करा. कोरडं पीठ तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतं. पहिला घास घेतल्यापासून एक तास, दोन तास, तीन तास अशी बोटाची साखर लिहा, आणि मध्ये कधीही थरथर वाटली तर लगेच बघा. मशीनचा आकडा दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो, म्हणून एका दिवसावर जाऊ नका, तीन दिवसांची सरासरी घ्या. पोट फुगलं, जुलाब झाले तर निम्म्यावर या. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर मेथीच्या वाटेला जाऊ नका, ती त्याच कुळातली.

शनिवारपेठकर

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मं केलं, मग सहा दिवस केलं, गोळी दोन्ही वेळा तीच. मेथीशिवाय सरासरी: एक तासाला २१८, दोन तासांना १८७, तीन तासांना १४६. मेथीसकट: १८१, १८०, १५८. पहिला आकडा ३७ ने उतरला, दुसरा जवळपास तोच, तिसरा उलट वर.

पर्वतीचे मास्तर

कळस बसका झाला आणि शेपूट लांबलं. डिंकाने हेच करावं.

औंधचा केमिस्ट

निदान या सहा दिवसांत आम्लाची खूण दिसत नाही, हे मी मानतो. ते इन्शुलिन वाढवत असतं तर तिसरा आकडाही उतरायला हवा होता. पण तेवढ्याने डिंकही सिद्ध होत नाही. पंधरा टक्क्यांच्या चुकीत २१८ चा १८५ होऊ शकतो, आणि तीन दिवस फार थोडे. डिंक काढलेला, फक्त आम्लाचा अर्क दिला आणि आकडे हलले नाहीत, तरच मी गप्प बसेन.

डेक्कनची मीनाताई

मग गाळलेल्या दाण्यांचं काय करायचं? टाकायचे नाहीत एवढं कळलं.

शनिवारपेठकर

आई आता ते वाटून थालीपीठाच्या पिठात घालते. कडू लागतं म्हणाली, पण खाल्लं.