चर्चा धागा : लांबलेला क्रॉल मध्येच बंद पडला, तर ‘पूर्ण झालेले पान’ कोणते मानावे?

अबोली :
एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या सूचीची सुमारे ६०,००० पाने मी त्यांच्या परवानगीने उतरवून घेत आहे. दोन पानांमध्ये २ सेकंदांचे अंतर ठेवल्यामुळे संपूर्ण कामाला साधारण ३३ तास लागतात. काल एकोणिसाव्या तासाला वीज गेली आणि रांग केवळ मेमरीत असल्याने सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. प्रगतीची नोंद प्रत्येक पानानंतर डिस्कवर करावी, की काही पानांनंतर एकदा करावी?

घाटवाट :
प्रत्येक पानानंतर लिहिण्याची काहीच गरज नाही. मी पाहिलेल्या आणि राहिलेल्या पत्त्यांची एकच जेसन फाइल ठेवतो आणि दर ५०० पानांनी ती नव्याने लिहितो. प्रोग्रॅम कोसळला तरी जास्तीत जास्त ५०० पाने परत आणावी लागतील, म्हणजे तुमच्या गतीने १७ मिनिटेदेखील नाहीत. उलट प्रत्येक पानाला ती फाइल लिहिली तर काय होईल ते पाहा. एका पत्त्याला १०० बाइट धरले तर शेवटी ती ६ एमबीची होते, सरासरी ३ एमबी धरली तरी ६०,००० वेळा लिहिताना १८० जीबी लेखन होईल. सूचीची पाने क्रमाने असतील तर याहून सोपे म्हणजे शेवटच्या पानाचा क्रमांक तेवढा लिहून ठेवावा.

कृष्णाकाठ :
१८० जीबीचा हिशेब बरोबर आहे, पण तो पूर्ण फाइल पुनःपुन्हा लिहिण्याच्या पद्धतीचा दोष आहे, प्रत्येक पानाची नोंद करण्याचा नव्हे. शिवाय १७ मिनिटे वाया जाणे हे खरे नुकसानच नाही. पानाचा मजकूर आणि ‘पान झाले’ ही नोंद या दोन गोष्टी डिस्कवर वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात, आणि कोसळण्याची वेळ नेमकी त्यांच्या मध्ये आली तर काय उरते, हे आधी ठरवायला हवे. नोंद मजकुराच्या मागे राहिली तर काही पाने दोनदा येतील, आणि ती नंतर गाळता येतात. नोंद मजकुराच्या पुढे गेली तर पान कायमचे गहाळ होते आणि कोणतीही चूक दिसत नाही, कारण प्रोग्रॅमच्या लेखी ते झालेले असते.

पानाचा क्रमांक लिहून ठेवण्याच्या सूचनेत हाच धोका आहे. एका वेळी चार पाने मागवली जात असतील तर ४१२ आधी पूर्ण होऊ शकते आणि ४०९ अजून वाटेत असते. त्या क्षणी वीज गेली तर क्रमांक ४१२ सांगेल आणि ४०९ कधीच येणार नाही.

म्हणून मी एसक्यूलाइटचे एकच टेबल ठेवतो, ज्यात `url` ही प्रायमरी की असते, आणि मजकूर, स्थिती व पानात सापडलेले नवे दुवे हे सारे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितो :

```python
with db:
    db.execute("UPDATE pages SET state='done', body=? WHERE url=?",
               (body, url))
    db.executemany("INSERT OR IGNORE INTO pages(url, state) "
                   "VALUES (?, 'todo')", [(u,) for u in links])
```

तिन्ही गोष्टी एकत्र टिकतात किंवा एकत्र रद्द होतात. दुवे विसरू नका, कारण पान ‘झाले’ म्हणून नोंदले गेले आणि त्यातले दुवे रांगेत गेले नाहीत, तर त्या पानामागची संपूर्ण शाखा हरवते. २ सेकंदांच्या अंतरापुढे अशा एका कमिटला लागणारे काही मिलिसेकंद जाणवतही नाहीत.

पानगळ :
`wget -c` वापरले की तुटलेले डाउनलोड होते तिथून पुढे सुरू होते. यासाठी डेटाबेस कशाला हवा?

सांजवात :
पानगळ, `-c` एकाच अर्धवट फाइलचा उरलेला भाग आणते. कोणती पाने अजून आणायची आहेत, हे त्याला ठाऊक नसते.

माझा अनुभव सांगते. मी स्क्रेपी `JOBDIR` देऊन चालवत होते आणि ते सर्व काही सांभाळते असा माझा समज होता. थांबवताना मी Ctrl+C दोनदा दाबले. पुन्हा सुरू केल्यावर क्रॉल मिनिटभरात `finished` म्हणून संपला आणि मला वाटले की काम झाले. प्रत्यक्षात निम्मी पानेसुद्धा आली नव्हती. आकडेवारीत `dupefilter/filtered` ही संख्या वाढलेली दिसली तेव्हा कारण कळले. स्क्रेपी पत्ता `requests.seen` मध्ये लिहिते ते पान रांगेत शिरताना, ते पूर्ण झाल्यावर नव्हे. जबरदस्तीने बंद केल्यामुळे रांगेची नोंद जतन झाली नाही, पण पाहिलेल्यांची यादी मात्र शाबूत राहिली. पहिले पान आले, त्यातले सारे दुवे ‘आधीच पाहिलेले’ ठरले, आणि करण्यासारखे काही उरलेच नाही. एकदाच Ctrl+C दाबून वाट पाहिली असती, तर हे टळले असते. वीज गेल्यावर मात्र तशी वाट पाहण्याची सोय नसते.

घाटवाट :
क्रमांकाबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतो, कारण माझा क्रॉलर एका वेळी एकच पान आणतो आणि ते मी लक्षात घेतले नव्हते. पण ५०० पानांच्या गटाबद्दल मी ठाम आहे. सेकंदाला २०० पाने येत असतील तर प्रत्येक पानाला डिस्कची वाट पाहत बसणे परवडत नाही.

कृष्णाकाठ :
त्या गतीला गट करणे योग्यच आहे, फक्त गटातला मजकूर आणि त्याच्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असाव्यात. `journal_mode=WAL` आणि `synchronous=NORMAL` ठेवले तर वीज गेल्यावर शेवटचे काही कमिट नाहीसे होऊ शकतात, पण मजकूर आणि नोंद दोन्ही बरोबरच जातात, त्यामुळे ती पाने पुन्हा आणली की काम भागते. जेसनच ठेवायची असेल, तर मूळ फाइल `'w'` ने उघडू नका. ती उघडताक्षणी रिकामी होते आणि त्याच वेळी प्रोग्रॅम कोसळला तर जुनी नोंदही जाते. शेजारी तात्पुरती फाइल लिहून, `os.fsync` करून, मग `os.replace` करावे.

माझ्या पद्धतीतली एक त्रुटी मात्र सांगायला हवी, कारण तिने माझी एक पूर्ण रात्र घेतली. एक पान इतके प्रचंड होते की ते वाचताना मेमरी संपून प्रोसेस मरत असे. ते ‘झाले’ म्हणून कधीच नोंदले जात नसल्याने पुन्हा सुरू केल्यावर तेच पान सर्वांत आधी येई आणि पुन्हा सगळे कोसळे. तेव्हापासून पान मागवण्याआधी त्याच्या प्रयत्नांची संख्या एकने वाढवून ती वेगळी कमिट करतो, आणि तीन प्रयत्नांनंतर ते पान बाजूला ठेवतो.

घाटवाट :
म्हणजे आता प्रत्येक पानाला दोन कमिट झाले.

कृष्णाकाठ :
होय, आणि २ सेकंदांच्या अंतरात तेही सहज सामावतात.

अबोली :
काल रात्री टेबल बनवले आणि क्रॉल चालू असताना सहा वेळा `kill -9` करून पाहिले. दर वेळी मजकूर नसलेल्या `done` नोंदी मोजल्या, त्या शून्य निघाल्या. पहिल्या चाचणीत मात्र काही पाने `busy` स्थितीत अडकून राहिली होती, म्हणून आता सुरुवातीलाच ती सर्व `todo` करते.

एक शंका उरली आहे. सूची नव्यातून जुन्याकडे लावलेली आहे. क्रॉल दोन दिवस बंद राहून नंतर सुरू झाला आणि मधल्या काळात त्यांनी काही नोंदी काढल्या, तर पुढच्या यादीतली पुस्तके मागच्या पानांवर सरकतील, आणि ती पाने माझ्याकडे झालेली आहेत.

कृष्णाकाठ :
ती पुस्तके तुमच्याकडून सुटतील. नोंदी वाढल्या असत्या तर आधीच्या पुस्तकांची केवळ पुनरावृत्ती झाली असती. यादीची पाने पुन्हा आणून पुस्तकांची पाने तशीच ठेवावीत, असे मला वाटते.

घाटवाट :
आणि यादीच तीन हजार पानांची असेल तर?

सांजवात :
प्रत्येक पुस्तकाला स्थिर क्रमांक आहे का, ते आधी पाहा. तो असेल तर याद्यांवर अवलंबून राहण्याचे कारणच उरत नाही.

अबोली :
क्रमांक आहे, पण मध्ये बरेच क्रमांक रिकामे आहेत. किती, ते आज मोजून सांगते.