शुक्रवारी संपणारी बाटली आणि फॉर्मवरचे ‘युनिट’

नळस्टॉप
ऑफिसच्या वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर यंदा नवा रकाना आहे : ‘मद्यपान, आठवड्याला किती युनिट?’ मी सोमवार ते शुक्रवार रोज रात्री दोन लार्ज घेतो आणि शनिवारी एक स्ट्राँग बिअर. एक पेग म्हणजे एक युनिट धरून ११ लिहिले. बायको म्हणते, खोटं लिहितोयस. व्हिस्कीच्या लेबलवर ७५० मिली, ४२.८% व्ही/व्ही आणि खाली ७५ डिग्री प्रूफ असं आहे. बिअर ६५० मिलीची. यावरून युनिट कसे काढायचे? आणि मुळात हा हिशोब करण्यात काही अर्थ आहे का?

जुना_केमिस्ट
वहिनींचं बरोबर आहे. ज्या युनिटबद्दल आपण वाचतो ते ब्रिटिशांचं, १० मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. आता लेबल वाचा. ४२.८% व्ही/व्ही म्हणजे १०० मिली व्हिस्कीत ४२.८ मिली अल्कोहोल. मग एका लिटरमध्ये ४२८ मिली, म्हणजेच ४२.८ युनिट. गंमत बघा, टक्क्यांचा आकडा हाच एका लिटरमधल्या युनिटचा आकडा. लेबलवर १३ टक्के असेल तर त्या वाइनच्या लिटरभरात १३ युनिट. एवढं लक्षात राहिलं की कॅल्क्युलेटर लागत नाही. तुमची बाटली पाऊण लिटरची, म्हणून ४२.८ ची पाऊणपट, ३२.१ युनिट.

लार्ज पेग ६० मिलीचा. ६० गुणिले ४२.८ भागिले १००० केलं की २.५७ येतात. म्हणजे तुमचा एक पेग अडीच युनिटच्या वर आहे. स्मॉलसुद्धा १.२८ होतो. सोडा घाला, बर्फ घाला, पाणी घाला, आकडा हलत नाही. ग्लास मोठा होतो एवढंच.

बिअरच्या लेबलवर बहुधा ‘८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही’ असं छापलेलं असेल. ती कमाल मर्यादा आहे, बाटलीत नक्की किती ते त्यावरून कळत नाही. अशा वेळी वरचा आकडा धरावा : ६५० गुणिले ८ भागिले १००० म्हणजे ५.२.

तर रोजचे दोन लार्ज ५.१४, पाच दिवसांचे २५.७ आणि बिअरचे ५.२ मिळून आठवड्याचे ३१ झाले, ११ नव्हे. पण थांबा, एक सांगा : ही ७५० ची बाटली तुम्हाला किती दिवस पुरते?

नळस्टॉप
सोमवारी उघडतो, शुक्रवारी संपते.

जुना_केमिस्ट
मग घोळ आहे. दोन लार्ज रोज धरले तर पाच दिवसांत ६०० मिली होतात. उरलेले १५० मिली कुणी प्यायले?

नळस्टॉप
मेहुणा येतो कधी कधी.

पर्वती_पायथा
केमिस्टकाका, तुम्ही प्रूफ सोडूनच दिलंत. प्रूफचा आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो. ७५ प्रूफ म्हणजे साडेसदतीस टक्के झाले. मग लेबलवरचे ४२.८ चुकीचे की प्रूफ? साडेसदतीसने केलं तर बाटलीत २८ युनिटच येतात.

जुना_केमिस्ट
दुप्पट असतो तो अमेरिकेत. आपल्याकडे प्रूफ आलं ते साहेबाच्या मापाने. त्यात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याचे ७५ टक्के काढा, ४२.८ येतात. लेबलवर ‘२५ अंडर प्रूफ’ लिहिलेलं दिसतं तेही तेच, शंभरातून पंचवीस खाली. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि एकच गोष्ट सांगताहेत. मी नोकरीत असताना नवी पोरं याच्या उलटी चूक करायची, प्रूफचा ७५ हाच टक्का समजायची आणि बाटलीत ५६ युनिट काढून दाखवायची. म्हणून प्रूफकडे बघूच नका. ज्या आकड्यापुढे व्ही/व्ही असेल तोच घ्या.

पर्वती_पायथा
ठीक. दुप्पटवालं मी दुबईच्या ड्यूटी फ्रीमधल्या अमेरिकन बाटलीवर पाहिलं होतं, तिथे ते बसतंही.

सिंहगडरोडवाली
सगळं गणित वाचलं. मला स्पष्ट बोलायचंय. हे युनिट मोजणं म्हणजे पिणाऱ्याने स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. माझे बाबा क्वार्टरमध्ये मोजायचे. ‘आज एकच क्वार्टर.’ १८० मिली, म्हणजे तुमच्या हिशोबाने ७.७ युनिट. आम्हाला युनिट माहीत नव्हते आणि असते तरी ते म्हणाले असते, आज ७.७, काल ८.५, बघ सुधारणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सांगून टाकलंय की सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही. मग हिशोब कसला ठेवायचा?

लीड्सचा_पुणेकर
ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, त्यावर मी काय बोलणार. पण आकडा नसला की माणूस किती सहज फसतो ते मी इथे रोज बघतो. इकडे बहुतेक बाटल्यांवर युनिट छापलेलेच असतात. ७०० मिली, ४० टक्के, शेजारी २८. पबमध्ये स्पिरिटचं छोटं माप २५ मिलीचं असतं, त्यात ४० टक्क्यांची दारू बरोबर एक युनिट भरते. ‘एक पेग एक युनिट’ ही समजूत तिथूनच आली असावी. ती पुण्यात येऊन ६० मिलीच्या लार्जला चिकटली की अडीचपट चूक झालीच. २०१६ पासून इकडची मर्यादा बाई असो वा बाप्या, आठवड्याला १४ युनिट, आणि तेही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. नळस्टॉप साहेब ११ लिहून १४ च्या आत बसले होते. खरा आकडा ३१ आहे. आकडा नसता तर ही चूक कुणाच्या लक्षात आली असती का?

सिंहगडरोडवाली
त्यांच्या बायकोच्या आली होती, आकड्याशिवाय.

आणि दुसरं. तुमचं युनिट ८ ग्रॅमचं. अमेरिकेचं ‘ड्रिंक’ १४ ग्रॅमचं. आपल्याकडचे डॉक्टर बरेचदा १० ग्रॅमचं धरतात. फॉर्मवर कुठलं? फॉर्म छापणाऱ्याला तरी माहीत आहे का? अशा आकड्यावर डॉक्टर काय निर्णय घेणार?

जुना_केमिस्ट
हा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी युनिटपेक्षा मिली आणि ग्रॅमच्या बाजूचा आहे. शुद्ध अल्कोहोल किती मिली ते काढा आणि ०.७८९ ने गुणा, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. ग्रॅम मिळाले की ८ ने भागा, १० ने भागा, ज्याला जे हवं ते त्याने करावं. पण ताई, एकक तीन आहेत म्हणून मोजायचंच नाही, हे पटत नाही. सोनं कुणी तोळ्यात मोजतं, कुणी ग्रॅममध्ये, म्हणून सराफाने तराजू फेकून द्यायचा का?

हिंजवडी_नाइटशिफ्ट
उपयोगाचं कुणी बोलेल का? मला सांगा, किती युनिटपर्यंत गाडी चालवली तर फुंकायला लावल्यावर सुटतो? ३० म्हणजे ३० युनिट का?

लीड्सचा_पुणेकर
३० युनिट प्यायलास तर फुंकण्याआधी तुला उचलावं लागेल. कायद्यातले ३० म्हणजे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. बाटलीवरून तो आकडा निघत नाही. वजन, पोटात अन्न आहे की नाही, किती वेळात प्यायलं, बाई की पुरुष, सगळ्यावर तो बदलतो. एक लार्ज कुणाला मर्यादेच्या आत ठेवेल, कुणाला बाहेर काढेल. गाडी असेल तर घेऊच नकोस.

जुना_केमिस्ट
याला जोडून एक. शरीर साधारण तासाला एक युनिट संपवतं, तेही सरासरीने, कुणाचं कमी कुणाचं जास्त. रात्री अकराला सहा युनिट पोटात असतील तर पहाटे पाचपर्यंत शिल्लक असू शकतात. चहा, लिंबू, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. पहाटेची शिफ्ट असेल तर हे गणित कर.

हिंजवडी_नाइटशिफ्ट
माझी रात्रीची असते. पण समजलं.

नळस्टॉप
कबुली द्यायला आलोय. आज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर माझा नेहमीचा ग्लास ठेवला, शून्य केलं, आणि डोळ्यांनी रोजच्यासारखा ‘लार्ज’ ओतला, पाण्याचा. ग्रॅम म्हणजे मिली, हे बायकोने सुचवलं. तीनदा केलं. ७२, ७८, ७५. म्हणजे माझे दोन पेग दीडशेचे. पाच दिवसांत ७५०. मेहुणा निर्दोष आहे.

जुना_केमिस्ट
म्हणूनच बाटली किती दिवसांत संपते ते विचारलं होतं. पेग आठवणीतून सांगितला जातो आणि हाताने ओतला जातो, दोन्हीकडे चूक एकाच बाजूला होते. रिकाम्या बाटलीत ती होत नाही. आता नीट करा : व्हिस्कीचे ३२.१ आणि बिअरचे ५.२ मिळून ३७.३ युनिट. म्हणजे ३७३ मिली शुद्ध अल्कोहोल, २९४ ग्रॅम. १० ग्रॅमच्या मापाने २९. फॉर्मवर नुसता ३७ लिहू नका, रकान्याशेजारी लिहा : ‘४२.८ टक्क्यांची ७५० मिली व्हिस्की आणि ८ टक्क्यांची ६५० मिली बिअर, दर आठवड्याला.’ मग त्यांचं एकक कुठलंही असो.

पर्वती_पायथा
हे लिहिल्यावर एचआरकडे जाणार नाही ना ते? मी तर ११ च ठेवले असते.

लीड्सचा_पुणेकर
मग डॉक्टर लिव्हरचे रिपोर्ट ११ च्या हिशोबाने वाचतील. फॉर्मवर नको असेल तर खोलीत गेल्यावर तोंडी सांगा, पण सांगा.

नळस्टॉप
तोंडीच सांगेन म्हणतो. ३७ बघून पोटात गोळा आलाय. येत्या सोमवारपासून पूर्ण बंद.

सिंहगडरोडवाली
नका करू असं. मीच सांगतेय, जी हिशोबाच्या विरोधात आहे. बाबांनी एकदा अशीच एकदम बंद केली होती. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामाने अंथरूण भिजलं, आणि तिसऱ्या पहाटे झटका आला. मध्यरात्रीपासून त्यांना भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, आणि आम्ही समजत होतो झोपेत बोलताहेत. तुमचं त्यांच्याइतकं नसेल, पण तुम्ही पाच दिवस रोज सहा-साडेसहा युनिट घेताय. सकाळी हात कापतात का, शनिवार-रविवारी अस्वस्थ वाटतं का, हे डॉक्टरांना सांगा आणि कमी कशी करायची ते त्यांच्याकडून ठरवून घ्या.

जुना_केमिस्ट
शब्द न् शब्द बरोबर. आणि हे सहा-साडेसहा तुम्ही कुठून आणलेत ताई?

सिंहगडरोडवाली
३२.१ भागिले ५. गणित येतं मला. त्याने माणूस सुधारतो, हे मात्र अजून पटलेलं नाही.

नळस्टॉप
तपासणी गुरुवारी आहे. तोपर्यंत वजनकाटा बाटलीशेजारीच ठेवलाय. ठेवलाय म्हणजे, बायकोने ठेवलाय.