प्रति: ‘सगळे त्रास देतात’ म्हणजे नेमकं काय?

> मुलगा पहिलीत आहे. ‘सगळे मला त्रास देतात’ एवढंच सांगतो. नेमकं काय विचारू?

‘कोणी मारलं का?’, ‘अमक्यानेच ना?’ असं विचारू नका. या वयात मूल आईबाबांना हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आधीचं चुकलं असं समजून उत्तर बदलतं. ‘तू का नाही सांगितलंस?’ तर नकोच, त्यात त्याला स्वतःचीच चूक दिसते.

माझी मुलगीही ‘सगळे’च म्हणायची. मी म्हटलं, “डब्याच्या सुट्टीत काय झालं ते पहिल्यापासून सांग.” मग गप्प बसले, हे सगळ्यात अवघड. मध्ये फक्त “मग?” एवढंच. वर्गाचं चित्र काढून कोण कुठे होतं तेही दाखवायला सांगितलं. ‘सगळे’ म्हणजे दोघी निघाल्या: एक डबा लपवायची, दुसरी हसायची. ‘किती वाजता?’ हे लहानांना सांगता येत नाही. ‘डब्याआधी की नंतर?’ हे येतं. “असं एकदाच झालं की आणखीही?” हे मात्र विचाराच.

त्याच रात्री तिचेच शब्द तारखेसह वहीत लिहिले. बाईंशी बोलताना तेच वाचून दाखवले.